मावशीचं भुसावळ मोठं की तिच्या मैत्रिणीचं किरुना?

स्वाती_भुसावळ

नमस्कार मंडळी. जरा लांबण लागेल, पण आधीची हकिकत कळल्याशिवाय प्रश्न कळायचा नाही.

माझी मावशी भुसावळला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये वाढली. आजोबा मालगाडीवर गार्ड होते. १९८० च्या दशकात तिच्या शाळेत बाईंनी परदेशी पत्रमैत्रीचे फॉर्म वाटले. फिनलंडमधल्या तुर्कू शहरातली एक संस्था देशोदेशीच्या शाळांत असे फॉर्म पाठवायची आणि मुलामुलींच्या जोड्या लावून द्यायची. मावशीच्या वाट्याला स्वीडनच्या अगदी उत्तरेकडची, किरुनाची मुलगी आली. तिचे वडील तिथल्या लोखंडाच्या खाणीत कामाला. दोघींचं इंग्रजी शाळेतलंच, पण पत्रं नेमानं जात-येत राहिली.

सुरुवातीच्या पत्रांतच 'तुझं गाव केवढं?' हा विषय निघाला. मावशीनं लिहिलं, 'आमचं भुसावळ लहान आहे. लाखावर वस्ती असेल, पण जिल्ह्याचं ठिकाण नाही. कलेक्टर जळगावला बसतात.' उत्तर आलं, 'आमचं किरुना जगातलं सगळ्यात मोठं शहर आहे.' मावशीला ती शुद्ध बढाई वाटली. तिकडे त्या मुलीला मावशीचं बोलणं खोटं वाटलं. तिच्या अख्ख्या प्रांतात लाखाचं एकही शहर नव्हतं, आणि ही मुलगी लाखाच्या गावाला लहान म्हणते! पुढची काही पत्रं हवापाण्यावरच निघाली.

मग तिकडून एक नकाशा आला, किरुनाची हद्द लाल शाईनं गिरवलेला. हद्दीची एक कड नॉर्वेला भिडलेली, दुसरी फिनलंडला. क्षेत्रफळ २० हजार चौरस किलोमीटरच्या वर. आजोबांनी घरातला भूगोल काढून पाहिलं, तर अख्खा जळगाव जिल्हा ११,७६५ चौरस किलोमीटर. म्हणजे तिच्या 'शहरा'त आपला जिल्हा मावून वर जवळपास पाऊण जिल्ह्याएवढी जागा उरत होती. दोघी खऱ्या बोलत होत्या हे तेव्हा कळलं, पण मोठं कोणाचं हे काही ठरलं नाही.

आता दोघी निवृत्त झाल्या आहेत आणि पुन्हा पत्रं लिहायला लागल्या आहेत. मावशीला पुढच्या पत्रासोबत एक पान जोडायचं आहे, दोन्ही गावं एकाच मापानं मोजलेली. ते काम माझ्याकडे आलंय. माझ्याकडे आहे ते एवढंच: भुसावळ नगरपालिका, २०११ ची जनगणना, १,८७,४२१. किरुना आजच्या घडीला सुमारे २३ हजार, आणि त्यातलं मुख्य गाव १७ हजारांच्या आसपास. हे आकडे असेच शेजारी शेजारी मांडले तर चालतील का? की माप मुळातच वेगळं आहे?

केळीबाग_यावल

ताई, यात एवढं काय? पाच हजारांवर लोकसंख्या म्हणजे शहर, त्याखाली गाव. सरकारचा नियमच आहे. त्या हिशोबानं भुसावळही शहर, किरुनाही शहर. लोकं भुसावळात जास्त, म्हणून भुसावळ मोठं. विषय संपला.

सातपुडा_पायवाट

विषय संपला म्हणजे धागा चांगला दोन दिवस चालणार. चहा ठेवतो.

मोजणीदार

मी जनगणनेच्या कामात प्रगणक होतो, नंतर पर्यवेक्षक. केळीबाग, तुमचा आकडा बरोबर आहे, पण ती फक्त पहिली अट झाली. आणि मुळात भुसावळला ती लागतच नाही.

आपल्याकडे शहर ठरायच्या दोन वाटा आहेत. पहिली वाट कायद्याची. महानगरपालिका, नगरपालिका, नगरपंचायत किंवा कटक मंडळ असेल तर जनगणना त्या जागेला डोळे झाकून शहर धरते. तिथं किती लोक आहेत, काय करतात, हे कोणी विचारत नाही. भुसावळ या वाटेनं शहर झालं.

दुसरी वाट ज्या गावात ग्रामपंचायतच आहे त्यांच्यासाठी. तिथं तीन अटी, आणि तिन्ही एकदम पुऱ्या व्हायला लागतात. लोकसंख्या किमान ५,०००. दर चौरस किलोमीटरला किमान ४०० माणसं. आणि मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेर. वर्षातले सहा महिने किंवा जास्त काम असेल तर तो मुख्य कामगार. खानदेशातली मोठमोठी गावं अडतात ती या तिसऱ्या अटीवर.

समजा तापीकाठचं केळीचं एक गाव आहे. आकडे मी समजुतीसाठी घेतोय. लोकसंख्या ८,०००, पहिली अट झाली. शिवार धरून क्षेत्र १६ चौरस किलोमीटर, म्हणजे घनता ५००, दुसरीही झाली. मुख्य काम करणारे पुरुष २,२००. त्यातले ६०० स्वतःची शेती करणारे आणि ९०० शेतमजूर. बाकी राहिले ७००, म्हणजे ३२ टक्के. हवे होते ७५. त्या गावात बँक असेल, कॉलेज असेल, केळीच्या गाड्या रांगेनं दिल्लीला निघत असतील, तरी जनगणनेच्या पुस्तकात ते खेडंच.

कोणाला आपलं गाव तपासायचं असेल तर जनगणनेच्या गाववार तक्त्यात हे स्तंभ बघा: `MAINWORK_M` म्हणजे मुख्य काम करणारे पुरुष, `MAIN_CL_M` शेतकरी, `MAIN_AL_M` शेतमजूर. पहिल्यातून दुसरे दोन वजा करा आणि उरलेल्याला पहिल्यानं भागा.

केळीबाग_यावल

भागून पाहिलं. आमच्या गावाचं २९ टक्के निघतंय. आठवडी बाजाराला पाय ठेवायला जागा नसते आणि आम्ही खेडं!

अहिराणी_मानूस

भाऊ, मन्हा आजा सांगे, ज्या गावमा बजार भरस ते मोठं गाव, बाकी समदा वाड्या. आमले तेच माप पुरस.

निलिमा_धुळे

@मोजणीदार, फक्त पुरुषच का मोजायचे? आमच्या भागात निंदणी, कापूस वेचणी, मिरची तोडणी सगळी बायकांवर चालते. पुरुष गावाबाहेर बांधकामावर किंवा एमआयडीसीत. म्हणजे पुरुष पाहिले तर गाव 'शहर' वाटेल आणि बायका पाहिल्या तर पक्कं शेतीचं. गावाचं चित्र अर्ध्याच लोकांवरून काढायचं हे मला पटत नाही.

मोजणीदार

निलिमाताई, प्रश्न रास्त आहे. कारण असं देतात की बायकांच्या कामाची नोंद दर वेळी सारखी होत नाही. मी स्वतः दारादारात उभा राहिलोय. घरातला बाप्या सांगतो, 'ती घरीच असते.' मागं विळा आणि चाऱ्याचा भारा दिसत असतो. त्याच बाईला नीट प्रश्न विचारले तर ती शेतमजूर म्हणून नोंदली जाते, नाहीतर 'काम करत नाही' या रकान्यात जाते. आकडा प्रगणकावर अवलंबून राहायला लागला तर दोन गावांची तुलना बिघडते, म्हणून पुरुषांचा आकडा धरतात.

निलिमा_धुळे

म्हणजे नोंद नीट होत नाही म्हणून मोजायचंच नाही. यावर उपाय नोंद सुधारणं हा आहे, रकाना सोडणं नाही.

मोजणीदार

तुमच्या म्हणण्याला माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. नियम असा आहे एवढंच सांगतोय.

गौरव_गोथेनबर्ग

मी मूळचा अमळनेरचा, गेली काही वर्षं स्वीडनमध्ये. किरुनाला एकदा हिवाळ्यात गेलोय. स्वातीताई, तिकडची बाजू मी सांगतो, कारण ती सांगितल्याशिवाय 'जगातलं सगळ्यात मोठं शहर' ही गोष्ट उलगडत नाही.

किरुना वसलं १९०० साली, खाणीसाठी. १९४८ साली त्याला शहराचा दर्जा मिळाला तेव्हा फक्त खाणीभोवतालची वस्ती शहर झाली नाही, आजूबाजूचा सगळा ग्रामीण परगणाच शहर म्हणून जाहीर झाला. डोंगर, तळी, रेनडिअरांची कुरणं, स्वीडनचं सगळ्यात उंच शिखर केबनेकाइसे, सगळं 'शहरा'च्या हद्दीत. मावशींच्या मैत्रिणीच्या लहानपणी तिथल्या लोकांना याचा मोठा अभिमान होता, ती बढाई नव्हती.

पुढं १९७१ मध्ये स्वीडननं शहर, बाजारगाव, खेडं असे कायद्यातले दर्जेच काढून टाकले. आता सगळे फक्त 'कम्यून'. स्टॉकहोमही कम्यून आणि किरुनाही कम्यून. म्हणजे पत्रं लिहिली जात होती तेव्हा कायद्यानं किरुना शहर राहिलंही नव्हतं, पण लोकांच्या तोंडी होतंच.

मग तिथं दाट वस्ती कशी ओळखतात? त्यांचं सांख्यिकी खातं घरांमधलं अंतर बघतं. एका घरापासून पुढचं घर साधारण २०० मीटरच्या आत असेल तर ते त्याच वस्तीत. असं जोडत जोडत जो पुंजका होईल त्यात किमान २०० माणसं राहत असतील तर ती नागरी वस्ती. लोक शेती करतात की खाणीत जातात, तिथं पालिका आहे की नाही, हे काही बघत नाहीत. १७ हजारांचा जो आकडा स्वातीताईंकडे आहे तो या पुंजक्याचा. २३ हजारांचा आहे तो सगळ्या २० हजार चौरस किलोमीटरचा. सगळ्या कम्यूनची घनता काढली तर चौरस किलोमीटरला जेमतेम एक माणूस.

केळीबाग_यावल

दोनशे माणसं?? आमच्या भाऊबंदकीच्या एका लग्नात याहून जास्त असतात!

गौरव_गोथेनबर्ग

हो. आणि त्या दोनशेंच्या वस्तीत एखादं दुकान, एक शाळा आणि बसथांबा असतो. तिथला माणूस स्वतःला खेड्यातलाच म्हणवतो, पण आकडेवारीत तो शहरी भागात गणला जातो. मोजणीदार काकांचं ८,००० चं केळीचं गाव स्वीडनच्या मापानं मोजलं तर चांगली ठसठशीत नागरी वस्ती होईल, कारण आपल्या गावठाणात घराला घर लागून असतं.

सातपुडा_पायवाट

गौरव, इथं मला थांबवायला लागेल. गावठाणाचं म्हणणं तापीकाठाला लागू आहे. धडगाव, अक्कलकुव्याकडे या. मी तिथं शिक्षक आहे. डोंगरात भिल्ल-पावरा पाडे असतात आणि पाड्यातलं प्रत्येक घर आपापल्या शेतात. एका घरून दुसऱ्या घरी जायला मध्ये नाला आणि चढ. महसुली गाव एकच, लोकसंख्या दोन-तीन हजार, पण तुमच्या २०० मीटरच्या दोरीनं मोजलं तर त्याचे सात-आठ तुकडे होतील. काही तुकड्यांत २०० माणसंही भरणार नाहीत. म्हणजे त्याच मापानं केळीचं गाव शहर होतं आणि आमचं गाव नाहीसं होतं. आमच्याकडे लोक गाव म्हणून जे मानतात ते घरांच्या अंतरावर नसतं, देव आणि पाटील कोणाचा यावर असतं.

गौरव_गोथेनबर्ग

सर, हे मी पाहिलेलं नव्हतं. लॅपलँडच्या विखुरलेल्या वस्त्यांचंही असंच होतं, त्या कुठल्याच पुंजक्यात येत नाहीत आणि 'पुंजक्याबाहेरचे' म्हणून मोजल्या जातात.

शिरपूरची_वैशाली

आमच्या शिरपूरचं नाव जनगणनेत 'शिरपूर-वरवाडे' असं आहे. दोंडाईचाचं पण 'दोंडाईचा-वरवाडे'. लहानपणी मला वाटायचं वरवाडे हे एकच गाव दोन्हीकडे धावत असतं. 😄 तर आमचा आकडा जो छापतात तो दोन्ही मिळून असतो. बाहेरचे विचारतात तेव्हा आम्ही नुसतं शिरपूर सांगतो. मला विचारायचंय की पत्रात नुसतं भुसावळ लिहायचं की आजूबाजूचं पण धरायचं?

मोजणीदार

वैशालीताई, नेमका मुद्दा. भुसावळचा १,८७,४२१ हा नगरपालिकेच्या हद्दीतला आकडा. पण भुसावळला चिकटून वाढलेल्या वस्त्या ग्रामपंचायतीच्या हद्दीत आहेत. तिथला माणूस कामाला रेल्वेत, बाजाराला भुसावळात, मुलं भुसावळच्या शाळेत. जनगणना अशा शहराला बाहेरची वाढ जोडून 'नागरी समूह' म्हणून वेगळा आकडाही देते. मावशींना किरुनाच्या १७ हजारांसमोर काही ठेवायचं असेल तर हा समूहाचा आकडा ठेवणं जास्त जवळचं. पालिकेची हद्द कागदावरची, घरं ती ओलांडून कधीच पुढं गेलेली असतात.

फुलगाव_रस्ता

मी अशाच एका गावात राहतो, भुसावळला लागून. आम्ही हद्दवाढ मागत नाही, उलट होऊ नये म्हणतो. नगरपालिकेत गेलं की घरपट्टी वाढते, रोजगार हमीचं काम बंद होतं, आणि बांधकाम परवान्याला तालुक्याऐवजी पालिकेच्या चकरा. दिवे आणि गटारी मात्र कधी येतील सांगता येत नाही. म्हणून सांगतो, गाव शहर झालं हे कागदावर कोणाला आवडो न आवडो, आमच्यासाठी ते पैशाचं गणित आहे.

निलिमा_धुळे

धुळ्याला हद्दवाढ झाली तेव्हा अगदी हीच चर्चा घराघरांत होती. वलवाडीचे लोक अजून पत्ता सांगताना आधी वलवाडी म्हणतात, मग धुळे.

जमीनजुमला

भुसावळ आणि जळगावच्या मध्ये प्लॉट घ्यावा का? हद्दवाढ नक्की कधी होणार कोणाला माहीत आहे का?

सातपुडा_पायवाट

दादा, इथं प्लॉटवर नाही, दोन मैत्रिणींच्या पत्रांवर बोलतोय.

जमीनजुमला

माफ करा, शीर्षकात 'मोठं' वाचून आलो.

ओसाका_डायरी

जपानातून एक भर. इथं गावाला शहराचा दर्जा द्यायचा तर साधारण ५० हजार लोक लागतात, पण एकदा मिळालेला दर्जा लोक कमी झाले तरी जात नाही. होक्काइदोमधलं युबारी कोळशाच्या खाणींचं गाव, १९६० मध्ये लाखाच्या वर होतं. खाणी बंद झाल्या, आता दहा हजारसुद्धा नाहीत, तरी ते 'शहर'. उलट ताकायामा २००५ च्या विलीनीकरणात आजूबाजूची गावं घेऊन २,१७७ चौरस किलोमीटरचं झालं, त्यातला बहुतेक भाग डोंगर आणि जंगल. म्हणजे किरुना एकटं नाही.

केळीबाग_यावल

मग जगातलं सगळ्यात मोठं शहर किरुना नाहीच. चीनचं चोंगछिंग ८२ हजार चौरस किलोमीटरचं आहे. मी आता शोधलं.

गौरव_गोथेनबर्ग

बरोबर शोधलंत. पण चोंगछिंग एका प्रांताएवढं प्रशासन आहे, त्यात शेती करणारे लाखो लोक आहेत. ऑस्ट्रेलियातलं माउंट आयझासुद्धा ४० हजारांच्या वर आहे, तेही खाणीचंच गाव. हद्दीवर गेलं की ज्याची रेघ लांब ओढलेली तो जिंकतो. खानदेशचंच बघा, आजचा जळगाव जिल्हा ११,७६५ आणि धुळे जिल्हा ७,१९५. बेरीज १८,९६०. किरुना त्या दोन्हींपेक्षा मोठं. पण त्या बेरजेत २०११ ला ६२ लाखांवर लोक होते आणि तिकडं २३ हजार. यातून गावाबद्दल काहीच कळत नाही, फक्त रेघेबद्दल कळतं.

स्वाती_भुसावळ

सगळं मावशीला वाचून दाखवतेय. गौरवदादा, तुमचं हे शेवटचं वाक्य ऐकून ती म्हणाली, 'हे तेव्हा कोणी सांगितलं असतं तर रुसवा वाचला असता.' तिचा प्रश्न: खाणीमुळे किरुना हलवतायत असं मैत्रिणीनं लिहिलंय. मग मोजायचं कुठलं, जुनं की नवं?

गौरव_गोथेनबर्ग

खरं आहे. खनिजाचा थर तिरका होऊन गावाच्या पोटाखाली जातो. जसजसं खणत जातात तसतशी वरची जमीन खचायला लागते. म्हणून मधला भाग रिकामा करून काही किलोमीटर पूर्वेला नवं केंद्र बांधलं. १९१२ चं लाकडी चर्च ऑगस्ट २०२५ मध्ये अख्खंच्या अख्खं चाकांवर ठेवून नेलं, रस्ता त्यासाठी रुंद केला होता. मोजणीला अडचण अशी की जुन्या भागातली घरं पडली आणि मध्ये मोकळी जागा राहिली तर २०० मीटरचा नियम एका गावाचे दोन पुंजके करू शकतो. म्हणून पत्रात आकड्यासोबत वर्ष लिहाच.

नकाशावाली

उशिरा आले. मी नकाशांचं काम करते. स्वातीताईंच्या मूळ प्रश्नावर येते, कारण दोघींना एकाच मापानं मोजायचं आहे आणि तसं माप आता आहे.

देशोदेशीच्या व्याख्या जुळत नाहीत म्हणून २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगानं एक पद्धत मान्य केली. त्यात पालिका, पंचायत, कम्यून सगळं विसरायचं. पृथ्वीवर एक किलोमीटर बाय एक किलोमीटरचे चौकोन आखायचे आणि प्रत्येक चौकोनात किती माणसं राहतात ते बघायचं. एकमेकांना लागून असलेले चौकोन, प्रत्येकात किमान १,५०० माणसं आणि सगळे मिळून किमान ५०,००० भरले, तर ते शहर. चौकोनात किमान ३०० आणि मिळून किमान ५,००० असतील तर ती लहान नगरं किंवा मध्यम दाट वस्ती. बाकी ग्रामीण.

या मापानं भुसावळ निर्विवाद शहर. किरुनाचं मुख्य गाव १७ हजारांच्या आसपास, म्हणजे मधल्या पायरीवर, नगर. आणि हद्दीतले ते २० हजार चौरस किलोमीटर? बहुतेक चौकोन रिकामे, त्यामुळे हिशोबातच येत नाहीत.

मोजणीदार काकांचं ८,००० चं केळीचं गाव या मापानं बघा. गावठाण एक-दोन चौकोनांत बसतं, चौकोनात हजारो माणसं, म्हणजे ते ग्रामीण राहत नाही, किरुनाच्याच पायरीवर जाऊन बसतं. आपली जनगणना त्याला खेडं म्हणते, हे माप नगर म्हणतं. दोघांच्या मध्ये ७५ टक्क्यांची अट उभी आहे, बाकी काही नाही.

मोजणीदार

पद्धत चांगली आहे, पण चौकोनातली माणसं येतात कुठून? आपल्याकडे शेवटची झालेली जनगणना २०११ ची. पुढची १ मार्च २०२७ या तारखेवर आहे. तोवर गावाचा जुना आकडा आणि उपग्रहातून दिसणारी घरं यावरून अंदाज करून माणसं चौकोनात वाटतात. ज्या घरात दहा माणसं आणि ज्या गोदामात कोणीच नाही, ते वरून सारखंच दिसतं. केळीच्या पॅकिंगच्या शेडमध्ये माणसं राहत नाहीत.

नकाशावाली

मान्य. शेड आणि गोदामं हा खरा त्रास आहे. दुसरा त्रास चौकोनाची रेघ कुठे पडते हा. गावठाण चार चौकोनांच्या कोपऱ्यावर आलं तर माणसं चौघांत वाटली जातात आणि एखादा चौकोन ३०० च्या खाली जाऊ शकतो. भुसावळसारख्या ठिकाणी त्यानं फरक पडत नाही, पाच-सहा हजारांच्या गावाला पडू शकतो.

सातपुडा_पायवाट

आणि आमचे पाडे? चौकोनात ३०० भरणार नाहीत.

नकाशावाली

बऱ्याच ठिकाणी नाही भरणार सर. ते ग्रामीणमध्येच जातील. पण निदान तुकडे तुकडे होऊन नाहीसे होणार नाहीत.

सातपुडा_पायवाट

ग्रामीण म्हटलं तर आमची हरकत नाही, आम्ही आहोतच. धडगावला नगरपंचायत झाली तरी बाजाराच्या दिवशी सोडलं तर तिथं शहराचं काही दिसत नाही.

निलिमा_धुळे

मला या चौकोनांचं एक आवडलं. त्यात पुरुष-बाई भेद नाही, जो राहतो तो मोजला जातो.

मोजणीदार

निलिमाताई, पण काम काय करतो हेही त्यातून गेलं. भुसावळ भुसावळ झालं ते रेल्वेमुळे, आणि किरुना खाणीमुळे. लोक शेतीतून बाहेर पडले का, हे जनगणनेच्या तिसऱ्या अटीतूनच दिसतं. चौकोनाला लोको शेड आणि केळीची बाग यातला फरक कळत नाही. मी ती अट सोडायला तयार नाही.

आणखी एक सांगतो, हे कमी लोकांना माहीत आहे. २०११ ला कुठली गावं या अटींवर शहर धरायची हे मोजणीच्या आधीच ठरवलं होतं, २००१ च्या आकड्यांवरून, ज्यांची तेव्हाची लोकसंख्या ४,००० च्या वर होती त्यांतून. म्हणजे एखादं गाव त्या दहा वर्षांत झपाट्यानं बदललं असेल तर ते २०११ च्या यादीत खेडंच राहिलं असण्याची शक्यता आहे. भुसावळ-जळगाव रस्त्यावरच्या गावांचे आकडे वाचताना हे ध्यानात ठेवा.

फुलगाव_रस्ता

म्हणजे २०२७ ला आमचा नंबर लागू शकतो?

मोजणीदार

जनगणनेत शहर म्हणून नाव आलं म्हणजे घरपट्टी वाढत नाही. पंचायत पंचायतच राहते. पालिका करायची की नाही हे राज्य सरकार ठरवतं, वेगळ्या कायद्यानं. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवा, निम्मी काळजी कमी होईल.

फुलगाव_रस्ता

हे ग्रामसभेत सांगायला हवं. धन्यवाद काका.

अहिराणी_मानूस

ताई, मावशीले सांगा, किरुनामा बजार भरस का ते इचारा. नै भरत व्हई तर भुसावळच मोठं.

स्वाती_भुसावळ

मावशी हसली आणि म्हणाली, विचारतेच. 🙂

पान असं करायचं ठरलंय. वर दोन्ही ठिकाणांचा चौकोनांचा नकाशा एकाच प्रमाणात, शेजारी शेजारी. नकाशावालीताई, तो काढायला मदत कराल का? त्याखाली तीन ओळी: हद्द केवढी, हद्दीत माणसं किती, सलग वस्तीत माणसं किती. भुसावळसाठी पालिका आणि नागरी समूह असे दोन्ही आकडे, २०११ असं वर्ष घालून. किरुनासाठी कम्यून आणि मुख्य गाव, आजचं वर्ष घालून. मोजणीदार काकांच्या म्हणण्याप्रमाणे लोक काय काम करतात ही चौथी ओळ मावशीला हवीच आहे, पण आकड्यात नको म्हणाली. ती तिथं लिहिणार की आमच्याकडे रेल्वे आणि तुमच्याकडे खाण, आणि तुमच्या खनिजाच्या गाड्या नार्विकला जातात तशा आमच्याकडून केळीच्या दिल्लीला.

नकाशावाली

नक्की. मला व्यक्तिगत निरोप पाठवा. किरुनाची पूर्ण हद्द त्याच प्रमाणात दाखवायची असेल तर पान पुरणार नाही, भुसावळ टाचणीच्या टोकाएवढं होईल. म्हणून दोन नकाशे करू, एक हद्दींचा आणि एक वस्तीचा.

मोजणीदार

हद्दींच्या नकाशात भुसावळ पालिकेऐवजी जळगाव आणि धुळे जिल्हे दाखवा, म्हणजे त्या बाईंना लगेच अंदाज येईल. आणि नागरी समूहाचा आकडा मी जनगणनेच्या तक्त्यातून काढून देतो, कुठल्या संकेतस्थळावरून उचलू नका. तिथं बऱ्याचदा पालिकेचा आकडा समूहाच्या नावाखाली टाकलेला असतो.

केळीबाग_यावल

आणि ताई, आमचं गाव पण त्या वस्तीच्या नकाशात येईल ना? यावल काही लांब नाही. चौकोनानं आम्ही किरुनाच्या पायरीवर आहोत, हे मला छापलेलं हवंय.